देवेशच्या बाबांची ओळख

बोरिवलीच्या त्या स्पॅनिशच्या क्लासला शनिवारी सकाळी पाच जण यायचे, आणि पाचांत सगळ्यात मोठी नलिनी सावंत. दहिसरहून बसने यायची, पहिल्या बाकावर बसायची, उत्तर येवो न येवो, हात वर करायची. अंधेरीच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर असलेला सुयोग तिला काकू म्हणायचा आणि तिची वाक्यं ऐकून गालातल्या गालात हसायचा. तिला राग येत नसे. तिचा मुलगा देवेश स्पेनमधल्या बिल्बाओमध्ये आचारी होता, त्याचं तिथल्या नेरेआशी लग्न ठरलं होतं, आणि उद्या, रविवारी दुपारी, नेरेआचे आईवडील पहिल्यांदा फोनवर दिसणार होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. देवेश म्हणाला होता, "आई, मी आहे ना मध्ये बोलायला." नलिनीने सरळ सांगितलं, "विहिणीशी बोलायला मला मध्ये कोणी नको. चार वाक्यं का होईनात, माझी मी बोलेन."

चार वाक्यांचं जमत आलं होतं. अडलं होतं ते नवऱ्यापाशी.

चंद्रप्रकाश साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. लेथवर लोखंड फिरवून त्यातून रेशमासारखी साल काढणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, डावा हात गेला, तोंड जरा वाकडं झालं. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण माणूस खाटेवरून बाहेरच्या खोलीत यायचं नाव घेईना. फोनचं कळल्यावर म्हणाले, "माका दाखवू नको त्यांका. सांग, गावाक गेलेत."

"खोटं बोलू पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच दिवशी असलो माणूस दाखवतलंस, त्यापेक्षा बरा."

नलिनी पिठाचा डबा काढायला उठली. लग्न मुलाचं, मान नवऱ्याचा, आणि बोलायची भाषा तिसऱ्याचीच. कणीक मळताना ती ओवीच्या चालीवर क्रियापदं म्हणायची: सोय, एरेस, एस, एस्तोय, एस्तास, एस्ता. मराठीत एका 'आहे'वर भागतं, तिथे ह्या लोकांनी दोन ठेवली होती. सेर आणि एस्तार. गार्गी मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार. नलिनीने त्यावर स्वतःची युक्ती बसवली होती. मराठीत जिथे 'असतो' तिथे सेर, जिथे 'आहे' तिथे एस्तार. बर्फ थंड असतो, तर एस. चहा थंड आहे, तर एस्ता. चपखल बसत होतं.

त्या शनिवारी ती उभी राहून म्हणाली, "देवेश बिल्बाओला असतो. देवेश एस एन बिल्बाओ."

"एस्ता," गार्गी म्हणाली. "एस्ता एन बिल्बाओ."

"पण तो तिथेच असतो ना. पाच वर्षं झाली."

"पन्नास होऊ देत. कुठे आहे हे सांगायचं तर एस्तार. हे बोरिवली स्टेशन कुठे पळून जाणार आहे? तरी बोरिवली एस्ता एन मुंबई. हां, देवेश कुठला ते सांगायचं तर सेर. एस दे मुंबई. आणि 'मी गृहिणी आहे' म्हणताना काय कराल? तिथे 'असते' नाही म्हणत आपण, पण स्पॅनिशमध्ये सेरच लागतं."

"वाट लागली काकूंच्या फॉर्म्युल्याची," सुयोग म्हणाला.

"तुझ्या नाकावर टिच्चून दुसरा काढीन," नलिनी म्हणाली आणि बसली.

गार्गी तिशीची होती. बोलता बोलता फळ्यावर दोन प्रश्न लिहायची सवय होती तिला. तिने लिहिलं: कोमो एस? कोमो एस्ता? मग मागे वळून म्हणाली, "मराठीत दोन्हींना आपण 'कसा आहे' म्हणतो. पहिल्याचं उत्तर, माणूस कसा आहे स्वभावाने, रूपाने. दुसऱ्याचं, आत्ता त्याचं कसं चाललंय. घरातला किंवा कामावरचा एक माणूस घ्या. दोन्ही उत्तरं द्या. सुयोग."

"मी खेफे एस तेर्को," सुयोग म्हणाला. माझा साहेब हट्टी आहे. "ओय एस्ता कोन्तेंतो." आज खूश आहे. "सुट्टीवर चाललाय म्हणून."

मग नलिनीची पाळी. चंद्रप्रकाश डोळ्यांसमोर होतेच. "मी मारीदो एस मालो," ती म्हणाली.

गार्गीने ओठ दाबले. "आजारी म्हणायचंय का तुम्हाला? मग एस्ता मालो म्हणा, नाहीतर एस्ता एन्फेर्मो. एस मालो म्हणजे माझा नवरा वाईट माणूस आहे."

"तेही अगदीच खोटं नाही," नलिनी म्हणाली, आणि वर्ग हसला. तीही हसली. मग तिने एकेक वाक्य लावलं. एस्ता एन्फेर्मो, आजारी आहेत. एस्ता कान्सादो, थकलेत. एस्ता एन ला कामा, खाटेवर आहेत. एस्ता त्रिस्ते, उदास आहेत. शब्द नीट येत होते.

"छान. आता कोमो एस?"

नलिनी फळ्याकडे बघत राहिली. दोन वर्षं डॉक्टर, शेजारी, देवेश, सगळे एकच विचारत होते, कसे आहेत, आणि ती एकच उत्तर देत होती, आज बरे आहेत, काल झोप नाही लागली, हात तसाच आहे. दुसरा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

"मॅडम, एक विचारू? डॉक्टर म्हणतात, हात आता असाच राहणार. म्हणजे कायमचंच ना ते? मग ह्या सगळ्याला सेर लावायचं का?"

सुयोग बाकावर नख घासत होता.

गार्गी टेबलाला टेकली. "कायमचं-तात्पुरतं हे मीच शिकवलं तुम्हाला. सुरुवातीला हाताशी बरं असतं, पण फार लांब जात नाही. बघा, माणूस मेला तर काय म्हणतात? एस्ता मुएर्तो. त्याहून कायमचं काय आहे? तरी एस्तार. आणि तरुण आहे, एस होवेन. तरुणपण कोणाचं टिकलंय? तरी सेर. म्हणजे किती दिवस टिकणार, हा प्रश्नच नाही त्यात."

"मग प्रश्न काय?"

"कोण आहे, कुठला आहे, कसल्या घडणीचा आहे, ते सेर. काय होऊन बसलंय, कुठल्या अवस्थेत आहे, कुठे आहे, ते एस्तार. अंगावर जे येऊन बसलं ते शेवटपर्यंत राहिलं, तरी त्याला एस्तारच."

"आजार एस्तारमध्येच."

"आजारी आहे म्हणायचं तर एस्तारच. आणि त्याने सेर खोडला जात नाही. एस आलेग्रे, पेरो आओरा एस्ता त्रिस्ते. आनंदी स्वभावाचा आहे, पण सध्या उदास आहे. दोन्ही एकाच वेळी खरं."

नलिनीने हळू विचारलं, "टर्नरला काय म्हणतात?"

गार्गीने मोबाइलवर शोधलं. "तोर्नेरो."

"दोन वर्षं मशीनला हात लावलेला नाही. तरी 'एस' चालेल?"

"होते म्हणायचं तर 'एरा'. भूतकाळ आपण अजून घेतला नाही." गार्गीने मोबाइल बाजूला ठेवला. "भाषेला दोन्ही चालेल, नलिनीताई. तुम्हाला कुठलं म्हणायचंय ते तुम्ही ठरवा."

निघताना नलिनीने 'ते गावी आहेत' हे वाक्यही विचारून घेतलं. एस्ता एन एल पुएब्लो. गार्गी म्हणाली, "ते तर दहिसरला आहेत ना?"

"वाक्य हवंय फक्त," नलिनी म्हणाली.

रविवारी तिने बाहेरच्या खोलीत फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. आतल्या दाराला पडदा ओढला. पडद्याआड खाटेवर चंद्रप्रकाश होते, ते खोकलाही दाबून धरत होते. देवेशला तिने बाबांचं काय ठरलंय ते सांगितलं होतं. तो "बघ आई तू" एवढंच म्हणाला होता.

फोनमध्ये चार तोंडं दाटीने बसली. नेरेआ, देवेश, आणि मध्ये विहीण बेगोन्या, आखूड केसांची, कानात मोठे डूल. मागे व्याही इन्याकी, चष्मा कपाळावर. नलिनीने पदर सावरला आणि पाठ केलेलं म्हटलं. सोय नलिनी. सोय ला माद्रे दे देवेश. मी देवेशची आई. एस्तोय मुय कोन्तेंता, मला फार आनंद झालाय. बेगोन्याने टाळी वाजवली आणि भरभर काहीतरी बोलली. त्यातलं एकही अक्षर नलिनीला लागलं नाही. देवेश सांगायला तोंड उघडणार, तोच बेगोन्याने त्याला कोपराने गप्प केलं आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "इ सु मारीदो? कोमो एस?"

आणि तुमचे यजमान? ते कसे आहेत?

एस्ता नाही. एस. नलिनीने पुन्हा एकदा कानात घोळवून पाहिलं. एसच.

आजाराचं विचारलं नव्हतं तिने. ज्या माणसाच्या मुलाला आपली मुलगी द्यायची, तो माणूस कोण, एवढंच विचारलं होतं. कोकणातल्या कुठल्याही घरात पहिल्या भेटीत हेच विचारतात.

"एस तोर्नेरो," नलिनी म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "एस दे देवगड. एस तेर्को, मुय तेर्को." इन्याकी हसला, बायकोकडे बोट दाखवून म्हणाला, ही पण. "एस आलेग्रे," नलिनी म्हणाली. आणि म्हणताना तिला देवगडच्या जत्रेत सगळ्या गावाला नाटकातली सोंगं काढून दाखवणारे लग्नाआधीचे चंद्रप्रकाश आठवले.

पडद्याआड खाट करकरली.

"इ दोंदे एस्ता?" बेगोन्या म्हणाली. कुठे आहेत मग?

वाक्य तयार होतं. एस्ता एन एल पुएब्लो. जिभेच्या टोकावर होतं, व्याकरणाने अगदी शुद्ध. फोनमधला देवेश खाली बघत होता. नलिनीने पडद्याकडे पाहिलं. आत्ता आत्ता ज्याला ती आनंदी म्हणाली, तोर्नेरो म्हणाली, त्याला त्याच तोंडाने घरातून नाहीसा करायचा होता.

"एस्ता आकी," ती म्हणाली. इथे आहेत. मग, तिकडच्यांना उगाच धक्का नको म्हणून, पुढचंही सांगून टाकलं. "एस्ता एन्फेर्मो. एस्ता एन ला कामा."

बेगोन्याने मान हलवली. तिचे डोळे मऊ झाले.

नलिनी तांब्यापासून फोन उचलून पडद्यापाशी गेली, पण आत शिरली नाही. फोन छातीशी धरून बाहेरूनच म्हणाली, "ऐकलंत? तुम्ही इथे आहात म्हणून सांगितलंय मी."

"ऐकलंय. माझा नाव नाय घेतलंस, पण देवगड घेतलंस." मग, "तेर्को म्हणजे काय गो?"

"हट्टी."

"ह्या बरा सांगितलंस." नलिनी उभी राहिली. पडदा सारायचा की नाही, हे ठरवणं तिचं नव्हतं. फोनमधून नेरेआचा आवाज आला, सगळं ठीक ना असं विचारणारा, आणि देवेशने तिला थांब म्हटलं.

"हय ये," चंद्रप्रकाश म्हणाले. "फोन आधी खाली ठेव. वरचा बटण लाव माझा, एका हातान लागणा नाय."

तिने फोन गादीवर पालथा ठेवला आणि बटण लावलं. त्यांनी उजव्या हाताने केस मागे सारले, उशी पाठीशी ओढली, आणि फोन उचल म्हणून मान हलवली.

फोनच्या कोपऱ्यात आधी घराचं छत दिसलं, मग ही दोघं. इन्याकीने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "बुएनोस दीआस, चंद्र... प्रकाश," तो म्हणाला, देवेशने सांगितलेल्या नावाची पार मोडतोड करून. "कोमो एस्ता?"

"विचारतात, कसे आहात. आत्ताचं विचारतात," नलिनी म्हणाली.

चंद्रप्रकाशांनी समोरच्या माणसाकडे नीट बघून घेतलं. वाकडं तोंड लपवायला हात वर आला होता, तो अर्ध्यातून त्यांनी खाली घेतला.

"सांग त्यांका," ते म्हणाले, "आज बरो आसय."

"ओय एस्ता बिएन," नलिनीने सांगितलं, आणि उजेड त्यांच्या तोंडावर यावा म्हणून फोन जरा खिडकीच्या बाजूला धरला.