नव्या कंपायलरसाठी चौथं पत्र

लॅब अॅडमिनकडून तिसऱ्या पत्राचंही उत्तर तेच आलं: "नवा कंपायलर तीन तारखेला बसवलेला आहे. मॉड्यूल नीट लोड करावे." आणि खाली शेरा, तक्रार बंद! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नीट लोड करावे म्हणे! ती काय काल आली होती विद्यापीठात? पीएचडीचं पाचवं वर्ष चालू होतं.

शुक्रवारपर्यंत प्रबंधाचं शेवटचं प्रकरण दिलं नाही, तर शिष्यवृत्ती बंद. त्यासाठी पुराच्या मॉडेलचा प्रोग्राम विद्यापीठाच्या सामायिक क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांवर, तीन दिवस चालवायचा होता. पण तो प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवायला नवा कंपायलर हवा, आणि क्लस्टरवरच्या सॉफ्टवेअरच्या यादीत तिला दिसायचा तो दहा वर्षांपूर्वीचा, पहिल्याच फाइलला आडवा पडणारा. स्वतःच्या खात्यात नवा बसवायला गेली, तर जागेचा कोटा संपला. वर मार्गदर्शक सर म्हणाले, "अॅडमिन म्हणतोय म्हणजे असेलच. तुझंच काहीतरी चुकतंय."

बुधवारी सकाळी ती लॅपटॉप घेऊन थेट लॅब अॅडमिनच्या खोलीत शिरली.

"सर, कुठे आहे तो, दाखवा."

"हात्तिच्या, एवढंच?" त्याने आपल्या स्क्रीनवर 'मॉड्यूल अव्हेल' ही उपलब्ध सॉफ्टवेअरची यादी दाखवणारी कमांड टाइप केली. यादीत नवा कंपायलर हजर. "हा बघा. डोळे उघडे ठेवून बघत जा जरा."

"आता माझ्या खात्यातून बघा."

त्याने तिच्या लॅपटॉपवर तीच कमांड दिली. यादी आली, नवा कंपायलर नाही. पुन्हा दिली. नाही म्हणजे नाही. मग त्याने आपल्या स्क्रीनवर नव्या कंपायलरच्या फोल्डरच्या परवानग्या तपासल्या आणि त्याचा चेहरा पडला. फोल्डर फक्त अॅडमिन गटापुरतं खुलं राहिलं होतं. इतरांना मॉड्यूलची फाइल वाचताच येत नव्हती, मग यादीत दिसणार कशी?

"म्हणजे इतके दिवस तुम्ही फक्त स्वतःच्याच खात्यातून बघत होतात?"

"माझ्याकडे चालत होतं ना हो..."

दोन कमांड, अर्धं मिनिट. मॉड्यूल लोड झालं, प्रोग्राम कंपाइल झाला, जॉब लगेच सुरूही झाला. पण बुधवारी सुरू झालेला तीन दिवसांचा जॉब शनिवारी संपणार, त्याला कोण काय करणार!

अॅडमिन मात्र खुशीत. "झालं ना काम? आता विभागप्रमुखांना चार ओळी आभाराच्या लिहा. माझ्या वार्षिक अहवालाला लागतात."

काय म्हणावं या माणसाला! तिला रडूच फुटायचं बाकी होतं, पण ती तिथेच खुर्ची ओढून बसली आणि लिहिलं: "नवा कंपायलर तीन तारखेला बसवला गेला. तो वापरण्याची परवानगी विद्यार्थ्यांना आज, चोवीस तारखेला मिळाली. मधले एकवीस दिवस मला मुदतीत वाढवून मिळावेत." कागद छापून तिने त्याच्यापुढे ठेवला.

"सर, हे खरं आहे एवढी सही करा."

"अहो, मला जाब विचारतील!"

"विचारू देत की. गेले तीन आठवडे मलाच विचारतायत."

त्याने कागद पुन्हा एकदा वाचला. मग पेन काढलं आणि सही केली. तिने कागद उचलला नाही.

"खाली तारीख पण घाला," ती म्हणाली.