बत्तीस फटके

दिग्विजय सरांच्या क्लासमध्ये एक नियम होता आणि कर्वेनगरातले पालक तो कौतुकाने एकमेकांना सांगत. उत्तरसूचीपेक्षा उत्तर जितक्या टक्क्यांनी चुकेल, तितके फटके. एखाद-दोन टक्के इकडे-तिकडे झाले तर एखाद-दोन फटके, म्हणजे मुलं नीट गणित करतात, असं पालकांचं म्हणणं. स्वतःच्या हातावर एकदा घेऊन पाहायची तयारी त्यांच्यातल्या एकाचीही नव्हती, हे सांगायलाच नको.

फटके मोजायचं काम शर्मिलाचं. वर्ध्याहून एम.एस्सी. करून आलेली ही मुलगी क्लासमध्ये शंका सोडवायची, पेपर काढायची, उत्तरसूची टाइप करायची आणि गुरुवारी फळ्याशेजारी उभी राहून मोठ्याने आकडे म्हणायची. पहिल्या गुरुवारी तिला मळमळलं होतं. नंतर सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते आणि पगार वेळेवर मिळत असला की जरा लवकरच होते.

त्या गुरुवारी सातवा प्रश्न उष्णता इंजिनाचा होता. इंजिन १२७ अंश सेल्सिअसच्या उगमाकडून उष्णता घेतं, २७ अंशांच्या थंड भागाला सोडतं, आणि त्याची कार्यक्षमता आदर्श कार्नो इंजिनाच्या साठ टक्के आहे. तर ती किती? सरांनी उत्तर वाचलं, "सत्तेचाळीस टक्के." उत्तर वाचल्यावर वही उचलेपर्यंत खाडाखोड करायला अर्धं मिनिट मिळे. एकोणचाळीस पेन खर्रखर्र चालली. बरोबर उत्तरं खोडून मुलांनी सत्तेचाळीस लिहिलं, कारण हात प्रत्येकाला प्यारा असतो.

एक पेन हललं नाही.

"मिसबा, तुझं किती?"

"पंधरा, सर."

मंडईजवळ मसाल्याचं दुकान असलेल्या घरातली ही मुलगी. कमी बोलणारी, पण एकदा लिहिलं की न खोडणारी. सरांनी वजाबाकी केली आणि त्यांना हसू आलं. "बत्तीस! विक्रमच की हो मॅडम. मोजा."

लाकडी पट्टी तळव्यावर पडली. "एक," शर्मिला म्हणाली. "दोन. तीन." चौथ्याला मिसबाच्या तोंडून आवाज निघाला. सहाव्याला तळवा लाल होऊन फुगला. सर दमायचे नाहीत. खरं तर मारताना त्यांचा चेहरा उजळायचा, आणि ते बघून शर्मिलाला त्यांचा राग यायचा, तो ती गिळून टाकायची.

"आठ."

मिसबाची वही टेबलावर उघडी पडली होती. आकडा म्हणता म्हणता शर्मिलाची नजर पानावर गेली. टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: १२७ अधिक २७३ म्हणजे ४००. २७ अधिक २७३ म्हणजे ३००. एक वजा तीनशे भागिले चारशे, म्हणजे पंचवीस टक्के. त्याचे साठ टक्के, पंधरा.

"नऊ," शर्मिला म्हणाली, आणि तिने दचकून मिसबाकडे पाहिलं.

परवा घाईत तिने आकडे कॉम्प्युटरच्या तक्त्यात टाकले होते. बाकी सगळ्या प्रश्नांत सेल्सिअसचं केल्व्हिन करायला २७३ मिळवले होते, या एका ओळीत राहिले. तक्त्याने सत्तावीसला एकशे सत्तावीसने भागलं, ते एकातून वजा करून आदर्श कार्यक्षमता एकोणऐंशीच्या आसपास काढली, आणि तिने साठ टक्के घेऊन सत्तेचाळीस छापलं. एवढं साधं पडताळून पाहायचं तिच्या डोक्यात आलं नाही! चारशे आणि तीनशे केल्व्हिनच्या मध्ये चालणारं कुठलंही इंजिन पंचवीसच्या वर जाऊच शकत नाही. जगातला कुठलाही कारागीर ते नेऊ शकत नाही. सत्तेचाळीस हे उत्तर चुकीचं नव्हतं, ते अशक्य होतं.

बोलावं. आत्ता बोलावं. गेल्या महिन्यात शिपाई ज्ञानदेवने सरांना सगळ्यांसमोर टोकलं होतं, तेव्हा सरांनी त्याला जिन्यावरून ढकललं होतं आणि तो पडला असं सगळ्यांनी मान्य केलं होतं. शर्मिलानेही.

"दहा," ती म्हणाली.

"अकरा. बारा." आवाज तिचा तिलाच परका वाटत होता. तेराव्याला तळव्याची कातडी फाटली आणि पट्टीला रक्त लागलं. मिसबाने हात मागे घेतला नाही. ती सरांकडे बघतही नव्हती. ती शर्मिलाकडे बघत होती.

"चौदा."

"सर," मिसबा धापा टाकत म्हणाली, "मर्यादाच पंचवीसची आहे. कार्नोपेक्षा जास्त कसं येईल? सत्तेचाळीस येऊच शकत नाही."

"मला शिकवतेस?" सरांनी पट्टी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने तिच्या थोबाडीत मारली. ती फळ्याच्या कडेवर आदळली. भुवई फुटली. पहिल्या बाकावरची मुलगी किंचाळली, पण जागेवरून कोणी उठलं नाही.

"तिचं बरोबर आहे!" शर्मिला ओरडली. "सूची मी चुकवलीय. सेल्सिअस तसंच टाकलं मी. पंधराच बरोबर आहे, सर. थांबा!"

सरांनी वही उचलली. मग फळ्याकडे वळून त्यांनी खडूने एक वजा तीनशे छेद चारशे लिहिलं आणि खाली पंचवीस. मानेवरची शीर उडताना दिसत होती. मोठ्या हुशारीने मिळवलेली पदवी होती त्यांची, त्यांना एका ओळीत सगळं कळलं. सूचीच्या तळाशी त्यांची स्वतःची सही होती, न वाचता केलेली.

पण माफी मागणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी पट्टी पालथ्या हाताने पुसली.

"ठीक. चूक मॅडमची. फरक बत्तीसचा. आपल्याकडे नियम सगळ्यांना सारखा." ते गोड हसले आणि पट्टी मिसबापुढे धरली. "घे. तुझ्या हाताने वसूल कर. हात पुढे करा मॅडम."

शर्मिलाने हात पुढे केला. नाही म्हणायची वेळ नवव्या फटक्याला होती, ती तिने घालवली होती, आणि हे तिला आता चांगलंच ठाऊक होतं. मिसबा नाही म्हणेल, अशी आशा तिला होती. मुलं तशी असतात. पट्टी टाकतील, रडतील.

मिसबाने पट्टी घेतली. उजवा तळवा फाटलेला, म्हणून डाव्या हातात. भुवईवरून रक्त ओघळत होतं, ते तिने पुसलं नाही.

पहिला फटका सपकन बसला. शर्मिलाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसरा त्याच जागी. तिसऱ्याला ती गुडघ्यांवर आली. डाव्या हाताने एवढं जोराने मारता येतं, याची कल्पना तिला नव्हती. चौथ्याला बोटांतून कट् असा आवाज आला, आणि ती रडू लागली. पाचवा सगळ्यांत जोरात बसला.

मग मिसबा थांबली.

"अजून सत्तावीस," दिग्विजय सर म्हणाले.

"सही तुमची आहे, सर. उरलेले तुमचे तुम्ही मारून घ्या." तिने पट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली, दप्तर डाव्या खांद्यावर अडकवलं आणि खाली बसलेल्या शर्मिलाजवळ येऊन वाकली. आवाज खाली आला होता.

"आकडा चुकतो, मॅडम. त्याचे मी मारले नाहीत. नवव्या फटक्याला तुम्हाला कळलं होतं, मी बघत होते. त्यानंतर तुम्ही पाच मोजलेत." "पाचच मारले मी. बरोबर आहे ना?"

शर्मिलाने मोडलेलं बोट छातीशी धरलं. सर काही तरी ओरडत होते, त्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.