बायोडेटा नको, सदादा

लग्नात माईक हातात धरून उभी राहणारी मी, हेतल. दिवसा डहाणू रोडला मोबाईलच्या दुकानात बसते, लग्नसराईत निवेदन करते. आतापर्यंत चाळीसेक लग्नं झाली असतील, पण त्या दिवशी माझा पाय एका जागी ठरत नव्हता. चूक माझीच होती. मी दोन माणसांना दोन उलट शब्द देऊन बसले होते.

पहिला शब्द जमुनाला. ती माझी मैत्रीण आणि त्या दिवशीची नवरी. साखरपुड्याला तिचा मोठा भाऊ सदानंद घरातर्फे बोलायला उभा राहिला होता. वडील नाहीत, त्यामुळे मान त्याचाच. खिशातून कागद काढला आणि सुरू झाला. जन्मतारीख, शाळा, दहावीचे टक्के, कॉलेज, शिवणक्लास. 'उंची पाच फूट दोन इंच' म्हटल्यावर झाईहून आलेली नवऱ्याकडची पोरं फिदीफिदी हसली. बारावीच्या निकालापर्यंत अर्धा मांडव ताटं घेऊन रांगेत उभा होता. जमुना खुर्चीत हसरा चेहरा करून बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते. घरी गेल्यावर तिने मला बजावलं, "लग्नात दादाच्या हातात माईक देऊ नको. शपथ आहे माझी."

दुसरा शब्द त्याच सदानंदला, आमच्या सदादाला. तो होडीवर जाणारा माणूस, दर्याला घाबरत नाही, पण माझ्याकडे येऊन मान खाली घालून म्हणाला, "एकदाच बोलू दे गं. त्या दिवशी मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं." मी काय म्हणणार? हो म्हटलं. जमुनाला मात्र काही सांगितलं नाही.

दुपारी लग्न लागलं. सात वाजता रिसेप्शन. पाच वाजता सदादा स्टेजमागे आला, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, हातात कागद. मी वाचला आणि माझं डोकंच फिरलं. जन्मतारखेने सुरुवात! फक्त उंची तेवढी काढली होती.

"सदादा, हा तिचा लग्नाचा बायोडेटा आहे. जिग्नेशच्या घरच्यांनी तो सहा महिन्यांपूर्वी वाचला, पसंत केला, म्हणून तर आज मांडव उभा आहे. पुन्हा कशाला ऐकवतोस?"

"मग काय बोलू? पहिल्यापासून सांगायला नको?"

"नको. आपल्या गावाला हे सगळं माहीत आहे आणि झाईवाल्यांना त्याचं काही पडलेलं नाही. प्रत्येक ओळीला वजन सारखंच. दहावी तेवढीच, शिवणक्लास तेवढाच. ऐकणाऱ्याला कळत नाही कुठे थांबायचं, म्हणून तो जेवणाकडे बघतो. हे बघ, जमुनाचं नाव खोडून तिथे तुझ्या मावशीच्या बारकीचं घातलं तर चालेल का?"

त्याने ओळींवरून बोट फिरवलं. "चालेल," म्हणाला. "बारकीपण बारावी आहे."

"मग हे भाषण जमुनाचं नाहीच."

त्याने कागद चुरगळला. बाहेर डीजेवाला 'चेक चेक' करत आवाज तपासत होता. सव्वापाच वाजले होते.

"आणि काका-मामांची नावं? नाय घेतली तर रुसतील."

"ती मी घेते, स्वागत करताना. तुझ्या वाट्याची तीन मिनिटं त्यात घालवू नको. आता मला एकच सांग, जमुना कशी आहे? एका वाक्यात."

"चांगली आहे."

"सगळ्यांच्याच बहिणी चांगल्या असतात! ती काय करते, जे दुसरं कोणी करत नाही?"

तो चिडला. मीही चिडलेच होते. "ती स्वतःचं सोडून आधी दुसऱ्याचं बघते," तो जवळजवळ ओरडलाच. "त्यावरून आमचं भांडण झालेलं!"

"कधी?"

मग त्याने सांगितलं, तुटक तुटक. या गोष्टीचा कागदावर पत्ताही नव्हता. त्या वर्षाच्या समोर त्याने नुसतं 'घरकाम' लिहिलं होतं.

"हेच बोलायचं," मी म्हटलं. "आधी ते एक वाक्य. मग हीच गोष्ट, पहिल्यापासून नाही, पाऊस आला तिथून. मग जिग्नेशकडे वळ आणि त्याला सांग याचा त्याला काय उपयोग. जिग्नेश तुझ्या त्या कागदात कुठेच नव्हता, आणि लग्न त्याचंही आहे. शेवटी दोघांना आशीर्वाद. झालं की खाली बस."

"एवढंच?"

"एवढंच. कागद नको. चार टप्पे बोटांवर धर."

साडेसातला मी स्वागत केलं, काका-मामांची नावं घेतली. जमुना माझ्याकडेच बघत होती. सदादा पायरीशी उभा, एका हाताची चार बोटं ताठ धरून. शपथ मोडते आहे हे मला कळत होतं आणि त्याचं मला वाईटही वाटत होतं. तरी मी म्हटलं, "आता वधूचे बंधू सदानंद." जमुनाने डोळे मिटून घेतले.

सदादाने माईक फार जवळ धरला. कर्र झालं. कोणीतरी हसलं.

"माझी बहीण स्वतःचं सोडून आधी दुसऱ्याचं बघते," तो म्हणाला. "मला हे आवडायचं नाही."

मांडवात कुजबुज थांबली. नवरीचा भाऊ असं बोलेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

"डिसेंबर महिना. बोंबील वलांडीच्या बांबूंवर वाळत घातलेले, आणि अवकाळी पाऊस आला. सगळे आपापल्या बांबूंकडे धावले. मीपण. जमुना दिसेना. तुळशीमावशी तापाने पडलेली, तर ही तिचे बोंबील काढत होती. आमचे भिजले. सगळा माल गेला. मी ओरडलो. ती म्हणाली, दादा, आपल्याकडे हात चार आहेत, मावशीला उठताही येत नाय." तो थांबला. दुसरं बोट दुमडलं. "मी तिच्याशी चार दिवस बोललो नाय."

ताटाकडे कोणीच गेलं नव्हतं. झाईची पोरं मोबाईल खाली धरून ऐकत होती.

सदादा वळला. "जिग्नेशराव, तुमच्या घरीपण कधीतरी पाऊस येईल. ही आधी शेजारी धावेल. तेव्हा चिडू नका. तिच्यामागे जा, दोघं मिळून लवकर आवरेल. मी गेलो नाय."

जिग्नेश खुर्चीतून उठला आणि हात जोडून म्हणाला, "जाईन, दादा."

आता फक्त आशीर्वाद उरला होता. सदादाने तोंड उघडलं, तेवढ्यात जमुना उठली. ती दोन पावलं पुढे आली आणि त्याच्या हातातल्या माईकशी वाकून म्हणाली, "चार नाय दादा. नऊ दिवस."

मांडव हसला. ती हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते.

सदादा तिच्याकडे वळला. त्याच्या हाताचं चौथं बोट तसंच सरळ राहिलं. आशीर्वाद तो पार विसरला. आम्ही ठरवलं नव्हतं ते एकच वाक्य त्याने माईकवर, साऱ्या गावासमोर म्हटलं, "जमुना, मी चुकलो गं."

पुढचं निवेदन माझं होतं. मी माझा माईक बंद केला.