घुम्याच्या उशिराचा हिशेब

"मंडळाच्या सर्व सदस्यांना नमस्कार."

इथपर्यंत पत्र छान झालं होतं. पुढे घोडं अडलं.

भूगर्भशास्त्र विद्यार्थी मंडळाची खजिनदार नमुन्यांच्या खोलीत बसली होती. खोली मंडळाची नव्हती, विभागाची होती. पण लाकडी कप्प्यांतले दगड कुणाला हाकलत नाहीत, म्हणून मंडळ तिथेच भरायचं. टेबलाच्या एका टोकाला तिचा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला मंडळाचा सेक्रेटरी आणि मध्ये त्यानं काढलेला आलेख. आलेखावर दोन ठिपके होते आणि ते पट्टीनं जोडणारी एक सरळ रेघ. आज संध्याकाळच्या आत दहा जणांना कळवायचं होतं, की परदेशातल्या विद्यार्थी परिषदेला जायची फी वाढली आहे, किती वाढली आहे आणि का.

"फी वाढण्याचं कारण म्हणजे युरो महाग झाला."

हे वाक्य खरं होतं आणि कुणाचंही समाधान करणारं नव्हतं. फी जाहीर केली तेव्हा बँक नव्वदला एक युरो विकत होती. आता नव्व्याण्णवला. ठीक. पण पहिला प्रश्न हाच येणार होता, की मग तेव्हाच का नाही भरले पैसे?

"मंडळाच्या नियमानुसार सर्वांचा हप्ता जमा झाल्याशिवाय रक्कम बाहेर पाठवता येत नाही."

हा नियम त्यांच्या आधीच्या कमिटीनं केला होता. एकदा कुणीतरी सगळ्यांचे पैसे भरून टाकले, आणि चौघांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं. तेव्हापासून मंडळानं कानाला खडा लावला होता. दहाच्या दहा हप्ते आले, तरच दमडी हलणार.

पहिला हप्ता सगळ्यांनी वेळेवर भरला होता, पण दुसऱ्या हप्त्यातला दहावा पंधरवडाभर उशिरा आला होता. तो घुम्याचा.

घुम्या म्हणजे वर्गातला सगळ्यात कमी बोलणारा मुलगा. त्याची शिष्यवृत्ती अडकली होती. ती सुटली त्याच दिवशी त्यानं हप्ता भरला आणि खजिनदाराला दोन शब्दांचा निरोप पाठवला: "भरले. सॉरी." मंडळाकडून परिषदेत एकच काम निवडलं गेलं होतं, नदीच्या वाळूतल्या जड खनिजांवरचं पोस्टर, आणि ते त्याचं होतं. बाकीचे नऊ जण ऐकायला, फिरायला आणि आयुष्यात एकदा तरी गळ्यात परिषदेच्या ओळखपत्राचा पट्टा लटकवून मिरवायला चालले होते.

सेक्रेटरीचं म्हणणं सरळ होतं. पत्रात एक वाक्य घालायचं: "एका सदस्याच्या विलंबामुळे". नाव नाही घ्यायचं. तो म्हणाला, नाव न घेता लिहिलं की कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

"दहा जणांत नाव न घेता म्हणजे काय रे?" ती म्हणाली. "सगळ्यांना माहितीये कोण ते."

"मग वाईट कशाला वाटेल? माहितीच आहे."

ह्या माणसाशी वाद घालताना तिच्या नेहमीच नाकी नऊ यायचे. शिवाय त्याच्याकडे आलेख होता. नव्वदचा ठिपका, नव्व्याण्णवचा ठिपका, मध्ये रेघ. त्या रेघेवरून त्यानं काढलं होतं, की शेवटची तारीख आणि घुम्याचा हप्ता ह्यांच्यामध्ये युरो सव्वादोननं चढला. तेवढं घुम्याच्या माथी.

खरी गोची वेगळीच होती, आणि ती फक्त तिला ठाऊक होती. सकाळी जिन्यात घुम्यानं तिला गाठलं होतं. वाढ त्याच्यामुळे झाली का, असं त्यानं विचारलं होतं. मग त्यानं आजवरचं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं होतं.

"माझ्या उशिरामुळे झालं असेल तर तसं लिही, मी नाव मागे घेतो, पोस्टर तुमच्यापैकी कुणीतरी लावा."

दुसऱ्याचं पोस्टर लावून वाळूबद्दल प्रश्न आले, तर काय सांगणार होते ते? वाळू आहे म्हणून? आणि खोटं तरी कसं लिहायचं? रेघ खरी असेल, तर घुम्या गेला.

तिनं सेक्रेटरीला चहा आणायला पिटाळलं आणि आत्याला फोन लावला.

आत्याचं शिवणयंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. माल परदेशातून यायचा, बिलं युरोत यायची. घरात युरो चढला की आधी आत्याचा आवाज चढायचा. तिनं फी वाढल्याचं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता गिऱ्हाइकाला सुयांचा डबा काढून दिला.

आत्यानं आधी विचारलं, की फी नक्की किती नि कशाकशाची. विमानाचं तिकीट अडतीस हजार आणि नोंदणी नि राहणं मिळून चारशे युरो, म्हणजे जुन्या दरानं छत्तीस हजार. एकूण चौऱ्याहत्तर. दर दहा टक्के वाढला म्हणून सेक्रेटरीनं सगळ्यांना आधीच तोंडी सांगून ठेवलं होतं, की सात हजार चारशे वाढणार. तेव्हापासून पोरांचं धाबं दणाणलं होतं.

"तिकिटं काढली?"

"कधीच. पहिल्या हप्त्यातून."

"युरोत नाही, आपल्याच पैशांत?"

"हो."

"मग काढलेली तिकिटं कशी काय महाग झाली, बाई?"

तिकिटांचं ओझं आत्यानं एका वाक्यात उतरवलं होतं. वाढणार होते ते फक्त चारशे युरो. चारशे गुणिले नऊ, तीन हजार सहाशे. निम्म्याहून कमी. तिनं हे आधी कागदावर मांडलं असतं तर कळलं असतं. पण आठवडाभर "दहा टक्के, दहा टक्के" असं सगळेच म्हणत होते आणि तीही त्यात होती.

वर बँकेचा पैसे पाठवण्याचा खर्च धर, आत्या म्हणाली, तो तुम्ही नक्कीच विसरला असाल. विसरले होते. दीड हजार. पण सगळ्यांचे मिळून एकदाच पाठवले तर एकदाच लागतो, म्हणजे डोक्यामागे दीडशे.

मग खजिनदारानं घुम्याचं सांगितलं. रेघेचंही सांगितलं.

"रेघ कुणी मारली?"

"सेक्रेटरीनं."

"त्याला म्हणावं, दर असा जिना चढल्यासारखा चढत नाही. नुसता बसून राहतो, आणि उठला की एकदम छताला लागतो. शेवटच्या तारखेला काय दर होता, ते पाहिलंस का तू?"

नव्हतं पाहिलं. पहिला दिवस पाहिला होता आणि आजचा.

आत्यानं सांगितलं, बँकेच्या साइटवर रोजचा दरफलक असतो, मागच्या तारखांचाही. त्यात "विक्री" लिहिलेला रकाना बघायचा, कारण बँक तुम्हाला विकते त्याच दरानं तुमचे पैसे जाणार. "आणि बघून झालं की आजच भरून टाका. उद्याचा दर उद्याच्या माणसांसाठी," असं म्हणून तिनं गिऱ्हाइकासाठी फोन ठेवला.

"सर्वांचा हप्ता जमा करण्याच्या शेवटच्या तारखेला बँकेचा विक्रीचा दर"

वाक्य अर्धं सोडून ती फलक उघडत बसली. सेक्रेटरी चहा घेऊन आला आणि तिच्या खांद्यावरून बघू लागला. पाच आठवडे युरो नव्वदच्या आसपास लोळत पडला होता. नव्वद, सव्वानव्वद, पुन्हा नव्वद. मग एकाच आठवड्यात उडी. शेवटच्या तारखेच्या आधीचा आठवडा. शेवटच्या तारखेला दर होता शंभर आणि वर वीस पैसे.

तिनं पुन्हा पाहिलं. रकाना विक्रीचाच होता.

शंभर पॉइंट दोन. आज नव्व्याण्णव. मधल्या पंधरवड्यात युरो चढलाच नव्हता, उतरला होता.

तिचा जीव भांड्यात पडला, आणि असा काही पडला की तिला हसू आवरेना. सेक्रेटरीनं चहाचे कप दगडांशेजारी ठेवले आणि आपल्या रेघेकडे बघितलं. दोन वर्षं हेच शिकवत होते त्यांना: दोन विहिरींत थर वेगवेगळ्या खोलीवर सापडला म्हणून मधला थर हळूहळू उतरलाय असं धरू नका, मध्ये प्रस्तरभंग असू शकतो, सगळाच खडक एका जागी तुटून सरकलेला. आणि दोघांनीही धरलं होतं. दोन ठिपके दिसले की रेघ मारायची, ही खोड त्यांच्या सबंध वर्गाची होती.

"मास्तरांना नको सांगूस," सेक्रेटरी म्हणाला.

मग त्यानं स्वतःच कॅलक्युलेटर ओढला. चारशे गुणिले एक पॉइंट दोन. चारशे ऐंशी. तो आकडा त्यानं दोनदा काढला.

"म्हणजे घुम्या वेळेवर भरता, तर प्रत्येकाला चारशे ऐंशी जास्त पडले असते?"

"दहा जणांचे चार हजार आठशे."

"मग आभार मानायचे का त्याचे?"

ती म्हणाली, आभार नको, आज वाट बघून फायदा झाला म्हणून उद्या सगळेच वाट बघत बसतील. नशीब होतं ते. पण तुझं वाक्य मात्र पत्रात जाणार नाही. सेक्रेटरीनं हात टेकले. आलेखाची घडी करून त्यानं ती स्वतःच्याच खिशात घातली.

मग कामाला वेग आला. दुसऱ्या हप्त्याचे दहाही जणांचे पैसे जमा होते: तीन लाख साठ हजार. लागणार होते चार हजार युरोंचे तीन लाख शहाण्णव हजार आणि बँकेचे दीड हजार. साडेसदतीस हजारांची तूट. मंडळाच्या राखीव निधीत बावन्न हजार पडून होते. सेक्रेटरीची सही, अध्यक्षबाईंची सही, आणि बँक बंद व्हायच्या आत खजिनदार खिडकीपाशी. खिडकीतल्या माणसानं फॉर्म पाहिला, आजचा दर लिहिला, शिक्का मारला. आता युरोनं आभाळ गाठलं तरी त्यांचं काही बिघडणार नव्हतं.

बँकेच्या पायरीवर बसूनच तिनं पत्र पुरं केलं.

"मंडळाच्या सर्व सदस्यांना नमस्कार.

परिषदेची फी प्रत्येकी ३,७५० नं वाढली आहे. तुम्ही ऐकलेला ७,४०० चा आकडा चुकीचा होता. तिकिटं आपण आधीच आपल्या चलनात काढली असल्यामुळे त्यांना धक्का नाही. वाढ फक्त नोंदणी आणि राहण्याच्या चारशे युरोंवर आहे: फी जाहीर केली तेव्हा बँकेचा विक्रीचा दर ९० होता, आज ९९. म्हणजे ३,६००. उरलेले १५० म्हणजे पैसे पाठवण्याचा बँकेचा खर्च. तो सुरुवातीलाच धरायला हवा होता, तो मी धरला नाही.

सगळी उडी दुसऱ्या हप्त्याच्या शेवटच्या तारखेआधीच्या आठवड्यात झाली. त्या तारखेला दर १००.२ होता. त्यानंतर तो उतरला आहे. म्हणजे कुणाच्याही उशिरामुळे फी वाढलेली नाही.

पैसे आज भरले आहेत, त्यामुळे हा आकडा आता बदलणार नाही. तुटीची रक्कम राखीव निधीतून घातली आहे. ती तुम्ही दोन हप्त्यांत परत करायची आहे. बँकेची पावती आणि दरफलक सोबत जोडला आहे. पुढच्या वेळी फी जाहीर करतानाच युरोच्या भागावर थोडी जादा रक्कम धरावी आणि उरली तर परत द्यावी, असं मी सुचवते.

खजिनदार"

"कुणाच्याही" हा शब्द तिनं एकदा खोडला, पुन्हा घातला, आणि पाठवलं.

उत्तरं लगेच यायला लागली. एकीनं लिहिलं, की सात हजार धरून आईला मनवलं होतं, आता उरलेल्यात बूट घेते. एकानं विचारलं, की दोनाऐवजी तीन हप्ते चालतील का. चालतील, तिनं कळवलं. सेक्रेटरीनं सर्वांसमोर लिहिलं, की ७,४०० हा आकडा त्याचा होता. हे तिला अपेक्षित नव्हतं.

घुम्याचं काही नाही. पत्र वाचल्याची खूण मात्र कधीच आली होती. ती पायरीवर तशीच बसून राहिली. शिपायानं शटर अर्धं ओढलं, तेव्हा फोन वाजला. घुम्या कधी फोन करत नसे.

"पोस्टरची नळी," तो म्हणाला, "विमानात हातात घेऊन बसू देतात का?"