चोक

विपुलभाई देत्रोजा लाद्यांच्या कारखान्यात मॅनेजर म्हणून आले, तेव्हा त्यांनी भट्टी पाहिली नाही, माल पाहिला नाही. पहिले तीन दिवस केबिनमध्ये बसून कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. चौथ्या दिवशी शिफ्ट-इनचार्ज जयसुख कंझारियाला बोलावून म्हणाले, "जयसुखभाई, तुमची माणसं अंगणात उभी राहून चहा पितात. दिवसातून चार वेळा, दहा-दहा मिनिटं."

"साहेब, ते चोक बघतात."

"कसला चोक?"

जयसुखने समजावलं. दर अर्ध्या तासाला भट्टीतून आलेली एक लादी अंगणात उन्हात ओळीने मांडायची, या ओळीलाच चोक म्हणायचे. चहाच्या वेळी सगळ्यांनी रकाबी हातात घेऊन चार पावलं लांबून बघायची. रंग हळूहळू सरकतो, हातात एकच लादी घेतली तर कळत नाही. शेजारी शेजारी मांडली की चटकन दिसतो. दिसला, की तपासणीवरची कंकुबेन चावडा लाल बटण दाबायची. भट्टी चालूच राहायची, फक्त पेट्या भरणं थांबायचं. भट्टीवाला आच बघायचा, पेटीवर नव्या छटेचा शेड नंबर पडायचा आणि काम पुढे सुरू. चौदा वर्षं कंकुबेनला कुणी विचारलं नव्हतं की बटण कुणाच्या परवानगीने दाबलंस.

विपुलभाई हसले. लहान मुलाने आजोबांना उपदेश केला की आजोबा हसतात, तसं. "जयसुखभाई, तुम्ही फार भोळे. माणसाला काम आवडतं असं तुम्हाला खरंच वाटतं? माणूस म्हणजे जात्याच कामचुकार. मोकळं सोडा, लगेच सावली शोधतो."

हे बोलताना ते स्वतः एसीखाली बसले होते, पण कोणाच्या सावलीवर बोट ठेवायचं हे शेवटी मॅनेजरच ठरवतो.

दुसऱ्या दिवशी तीन नियम लागले. चोक बंद. बटण दाबायचं तर आधी चिठ्ठी, ती केबिनच्या बाहेरच्या ट्रेमध्ये. साहेब दर दोन तासांनी बघतील. आणि लघवीला जायचं तर पितळेचं टोकन, सबंध लाइनीला एकच. नमुन्याची लादीसुद्धा लाइनीवरून उचलून कपाटात कुलूपबंद झाली. ती कोण पळवणार होतं, देव जाणे.

"म्हणजे आता मी बघायचं, पण ठरवायचं नाही?" कंकुबेनने विचारलं.

"बेन, थोडे दिवस सांभाळून घे," जयसुख म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला पुळचट वाटला. तसा तो होताच.

"घेते की. डोळे माझे, डोकं साहेबांचं."

महिनाभरात लाइन एकदाही थांबली नाही. विपुलभाईंनी मालक गोरधनशेठना तसा कागद पाठवला, खाली 'माणूस जात्याच कामचुकार' हेही लिहिलं; शेठनी पाठ थोपटली. जयसुखला मात्र दुसरंच दिसत होतं. पूर्वी कोपऱ्याला टवका उडालेली लादी पोरं ओरडून बाजूला काढायची. आता ती मुकाट पुढे सरकायची. कुणी काही बोललंच, तर शेजारचा म्हणायचा, "तुला काय करायचंय? चिठ्ठी लिही." टोकन घेऊन गेलेला माणूस आता पूर्ण दहा मिनिटं लावायचा, कारण टोकन पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. विपुलभाई पडद्यावर ते मोजत आणि म्हणत, "बघा, मी सांगितलं नव्हतं?"

मग मस्कतची मोठी ऑर्डर आली. बदामी रंग, सगळा माल एका शेडचा हवा. सकाळी साडेआठला कंकुबेनने पहिली चिठ्ठी लिहिली: लाली येतेय. ट्रेमध्ये टाकली. नऊला दुसरी. साडेनऊला तिसरी. दहाला विपुलभाईंनी चिठ्ठ्या पाहिल्या, एक लादी केबिनमध्ये मागवून नमुन्याशेजारी धरली. केबिनच्या पिवळ्या दिव्याखाली सगळं जगच बदामी दिसतं. त्यांनी तिन्ही चिठ्ठ्यांवर लिहिलं, 'नामंजूर. कामाचा कंटाळा.' आणि सही ठोकली.

कंकुबेनने तरी लिहिणं सोडलं नाही. दर अर्ध्या तासाला एक. दुपारपर्यंत सगळ्या नामंजूर होऊन परत आल्या.

दोन दिवसांनी गिऱ्हाइकाचा तपासणीस आला. त्याने पंधरा पेट्या फोडून लाद्या उन्हात पसरल्या आणि फोन काढला. अख्खा माल नाकारला.

शेठ दुपारी पोचणार होते. त्याआधी विपुलभाईंनी जयसुखला केबिनमध्ये घेतलं. "अहवाल तुमच्या सहीने जाईल. लिहा, तपासणीवरच्या कंकुबेनने दुर्लक्ष केलं. तिला काढून टाकू, विषय संपला. नाहीतर शिफ्ट तुमची होती, जयसुखभाई. तुमच्यावर येईल."

जयसुखने पेन हातात घेतलं. घरी म्हातारी आई होती, मुलीची फी होती. 'कंकुबेन' एवढं नावही लिहून झालं. मग त्याला तिचं 'घेते की' आठवलं आणि लाजेने कान तापले. कागद चुरगळून खिशात घातला आणि तो बाहेर अंगणात गेला.

शेठ आले तेव्हा अंगणात चोक मांडलेला होता. त्या दिवशीच्या दर अर्ध्या तासाची एक लादी, पेट्यांवरच्या वेळा बघून काढलेली, ओळीने. प्रत्येक लादीवर कंकुबेनची चिठ्ठी, चिठ्ठीवर साहेबांची सही. डावीकडे बदामी, उजवीकडे विटेसारखी लाल. आंधळ्यालाही दिसावं असं.

शेठ ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. "कंकुबेनने त्या सकाळीच सांगितलं होतं?"

"साडेआठला," जयसुख म्हणाला.

"शेठ, या लोकांना जबाबदारी नकोच असते," विपुलभाई म्हणाले. "चिठ्ठी टाकली की मोकळे."

"खरं आहे," शेठ म्हणाले. पण शेठ विपुलभाईंकडेच बघत होते. "माणूस जात्याच कामचुकार, तुम्हीच लिहून पाठवलं होतं ना? मग मॅनेजर काय आकाशातून पडतो? उद्यापासून तुमच्या केबिनमध्ये कॅमेरा. कुठलाही निर्णय मला फोन केल्याशिवाय नाही. लाइन थांबवायची झाली तरी."

कंकुबेनची नोकरी वाचली. चोक सुरू करा, असं मात्र शेठही म्हणाले नाहीत. मालकाला शहाणपण सुचतं, पण अर्धंच.

आठवड्याभरात विपुलभाई बदलले. पूर्वी आठला यायचे, आता बरोबर नऊला. कॅमेऱ्यासमोर कागद चाळत बसायचे. काही विचारलं की म्हणायचे, "शेठना विचारून सांगतो."

आणि एका सकाळी पुन्हा लाली आली. या वेळी विपुलभाई लाइनीवरच उभे होते. त्यांनी स्वतः लादी उचलून दारातल्या उन्हात धरली. "लाल वाटते का हो, जयसुखभाई?"

"वाटते, साहेब."

"मलाही वाटते." त्यांनी फोन लावला. "शेठ उचलत नाहीत."

"मग थांबवू या."

"मी कसं थांबवू? उद्या मलाच विचारतील. येऊ दे फोन." पेट्या भरत होत्या. विपुलभाईंच्या कपाळावर घाम आला होता, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच जयसुखला त्यांची कीव आली.

कंकुबेन उठली. तिने लाल बटण दाबलं. लाइन थांबली, आणि पोरं कुणी न सांगता लाद्या बाजूला रचू लागली. भट्टीवाला आच बघायला धावला.

"बेन, कुणाला विचारून?" विपुलभाई कुजबुजले.

कंकुबेनने खुंटीवरचं पितळेचं टोकन काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"साहेब, तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. "शेठचा फोन आला तर सांगते, साहेब टोकन घेऊन गेलेत, दहाच मिनिटं झालीत म्हणून."