शंभरात तीन

घरातल्या माणसाचं रक्त स्वतः तपासू नये, असं लॅबमध्ये सगळ्यांना ताईच बजावायची. धाकट्या भावाची नळी आली तेव्हा मात्र तिने ती कुणाला हात लावू दिली नाही.

भाऊ दोन-तीन महिन्यांपासून पांढराफटक पडला होता. जिना चढला की धापा. हिमोग्लोबिन पाच, जिथे तेरा-चौदा हवं. ताईने रक्तात निळा रंग मिसळला आणि सूक्ष्मदर्शकाखाली कोवळ्या लाल पेशी शोधल्या. नुकत्याच जन्मलेल्या पेशीत निळ्या धाग्यांची जाळी दिसते. शंभरात तीन. नेहमीपेक्षा जास्तच. म्हणजे हाडातला मगज जोमाने रक्त बनवतोय, ते कुठेतरी वाहून तरी जातंय नाहीतर त्यातल्या पेशी तरी फुटतायत. आणि गळती बुजवता येते. तिने भावजयीला लगेच फोन केला. ती बाई फोनवरच रडली, आनंदाने.

मग गळतीचा शोध सुरू झाला. पोटात दुर्बीण घातली, आतडी पाहिली, सगळं स्वच्छ. कावीळ नाही, रक्त फुटल्याची एकही खूण नाही. मोठ्या डॉक्टरांनी सहज विचारलं, आकडा त्याच्या कमी रक्ताच्या हिशेबाने दुरुस्त केला होता ना? ताईने तिथेच कागद ओढून हिशेब मांडला.

वासरांत लंगडी गाय शहाणी, तशातली गत. भावाच्या लाल पेशी तिसऱ्या हिश्श्यावर आल्या होत्या, त्यामुळे मूठभर कोवळ्याही जास्त दिसल्या. तिनाचा खरा एक. शिवाय इतक्या अशक्तपणात मगज पेशी कच्च्याच बाहेर सोडतो आणि त्या रक्तात जास्त दिवस कोवळ्या दिसतात. तेही वजा केलं तर अर्धासुद्धा उरेना. हे गणित ती दरवर्षी नव्या मुलांना शिकवायची. हवं तेच दिसलं, म्हणून तिने मांडलंच नव्हतं. स्वतःचा तिला भयंकर राग आला.

वॉर्डात भाऊ एकटा होता. मगज रक्त बनवतच नाहीये, उद्या कमरेच्या हाडात सुई घालून त्याचं कारण बघावं लागेल, असं तिने सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. तो बराच वेळ चादरीचं टोक दुमडत बसला.

"एवढं रक्त बाटल्यांनी चढवलं तुम्ही," तो म्हणाला, "मला वाटलं, माझंही थोडं असेल त्यात."

तेवढ्यात भावजय धुतलेले कपडे घेऊन आली. आल्या आल्या तिने विचारलं, "ताई, सापडलं का कुठून जातंय ते?"

"कुठूनच जात नाहीये गं," ताई म्हणाली. पुढचं सांगायला ती भावजयीकडे वळली.

भावजयीने कपडे खाटेवर ठेवले आणि दोन्ही हात जोडले. "सुटलो बाई," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे बघून हसली. तोही हसला. मग त्याने ताईकडे पाहून हळूच मान हलवली, आज नको म्हणून.