दोन पासपोर्ट, एक लेक

शेलूबाजारात धम्मरत्नच्या तिकिटांच्या दुकानात सपनाने दोन पासपोर्ट टेबलावर ठेवले. एक इंग्लंडचा, जिथे ती आधी नर्स होती; दुसरा ऑस्ट्रेलियाचा, जिथे आता घर होतं. भारताचा तिने कधीच रीतसर परत केला होता. या खेपेला इंग्लंडच्या पासपोर्टवर व्हिसा काढून ती आईकडे आली होती, आणि आता मेलबर्नचं तिकीट काढायचं होतं.

"ऑस्ट्रेलियाचाच चालव सगळीकडे," ती म्हणाली. "दोन-दोन कोण सांभाळत बसेल?"

"विमान कंपनीले तोच देऊ, ताई. तिकडचा नागरिक त्याच्यावरच आत जाते. पण मुंबईले इमिग्रेशनच्या खिडकीवर इंग्लंडचाच दाखव. व्हिसा अन् आल्याचा शिक्का त्याच्यावर हाय. दुसरा देशीन तर अडवतीन, का हे बाई आली कधी? चुकून सोडलं, तरी इंग्लंडच्या पासपोर्टवर जे आली ते त्यांच्या रेकॉर्डात गेलीच नाही."

बाजूला बसलेली तिची आई, लिलाबाई, पुढे सरकली. "म्हंजे माही एक सपना इथंच राह्यली, असं धरतीन ते?"

"कागदावर, मावशी."

सपनाला हसू आलं, पण आईकडे पाहताच ते विरलं. लिलाबाई खरंच विचार करत होती.

"अन् मंग पुढच्या खेपेले हिले व्हिसा भेटन?"

"लई अवघड होईन."

लिलाबाईने इंग्लंडचा पासपोर्ट उचलला, पदराने पुसला आणि लेकीच्या हातात दिला.

"खिडकीवर हाच देजो, बाई. कागदावरची ठेवून मी काय करू?"